कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी

उलटीत लालभडक रक्त दिसलं की घरातले सगळे हादरतात, रिक्षा बोलावली जाते. तेच रक्त तपकिरी-काळं होऊन पडलं, तर मात्र ‘पित्त उसळलंय’ म्हणून कोकम सरबतावर भागवलं जातं. रक्त जठरात थोडा वेळ साचून राहिलं की तिथलं आम्ल त्यातल्या हिमोग्लोबिनचं गडद तपकिरी हिमॅटिन करून टाकतं. त्याचे बारीक कण उलटीतून पडतात, आणि फिल्टर कॉफीचा चोथा सांडल्यासारखं दिसतं. रक्तस्राव सावकाश होत असल्याची किंवा तात्पुरता थांबल्याची ही खूण असू शकते. पण तो पुन्हा सुरू होणार नाही, याची हमी रंग देत नाही.

अडुसष्ट वर्षांचे एक आजोबा आहेत असं धरू. गुडघे दुखतात म्हणून महिनाभर मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफिनॅकच्या गोळ्या चालू आहेत. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी आधीपासूनच आहे. जठराच्या अस्तरावर संरक्षक चिकट थर असतो. तो टिकवणारी द्रव्यं आणि सांध्यांत वेदना वाढवणारी द्रव्यं एकाच घराण्यातली, त्यामुळे गोळी दोन्हींची निर्मिती कमी करते. ‘जेवून घेतली की बाधत नाही’ हा समज अर्धवट आहे, कारण गोळीचा परिणाम रक्तातूनही जठरापर्यंत पोहोचतो. अस्तरावर जखम होते, पण वेदनाशामक चालूच असल्यामुळे पोट फारसं दुखत नाही. एका रात्री उलटी होते, तीच पहिली तक्रार.

अशा वेळी घरच्यांनी एक प्रश्न जरूर विचारावा: शौचाला कशी होते? डांबरासारखी काळी, चिकट आणि उग्र वासाची होत असेल, तर वरच्या पचनमार्गातून रक्त जात असण्याची शक्यता मोठी. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण सहसा तशी चिकट नसते आणि तो वासही येत नाही. आजोबा उभे राहिल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, घाम फुटतो, नाडी जोरात पळते, म्हणजे बरंच रक्त गेलंय. सकाळची वाट बघू नये.

रुग्णालयात पहिल्या तपासणीत हिमोग्लोबिन बारा येतं आणि मुलगा सुटकेचा निःश्वास टाकतो. इथे फसगत होते. रक्त वाहून जातं तेव्हा लाल पेशी आणि पाणी दोन्ही एकत्र जातात, म्हणून उरलेल्या रक्तातलं प्रमाण सुरुवातीला तेवढंच राहतं. काही तासांत शरीरातलं पाणी रक्तवाहिन्यांत ओढलं गेलं, सलाइन चढलं, की तोच आकडा आठवर येऊ शकतो. म्हणून डॉक्टर पहिल्या रिपोर्टपेक्षा नाडी आणि रक्तदाबाकडे जास्त लक्ष देतात आणि तपासणी पुन्हा करतात. प्रकृती सावरली की साधारण चोवीस तासांच्या आत एंडोस्कोपी होते. दुर्बिणीतूनच जखमेला क्लिप लावता येते, बऱ्याचदा पोट उघडावं लागत नाही.

जाताना औषधांच्या सगळ्या पट्ट्या सोबत घ्याव्यात, उलटीचा फोटो काढून ठेवावा, तोंडाने काही देऊ नये. वेदनाशामक तिथेच थांबवावं. अ‍ॅस्पिरिन चालू ठेवायचं की नाही, हे मात्र डॉक्टरांनाच ठरवू द्यावं.

लालभडक उलटी म्हणजे रक्त ताजं आणि वेगाने येतंय, आम्लाला रंग बदलायला वेळच मिळालेला नाही. यकृत निकामी होत चाललेल्या माणसाच्या अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटल्या, तर काही मिनिटांत जीव धोक्यात येतो. १०८ला फोन करून त्याला कुशीवर झोपवावं. उलट, आधी चारपाच साध्या उलट्या जोर लावून झाल्या आणि मग रक्ताचा धागा दिसला, तर अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला चीर पडलेली असू शकते. ती बहुधा आपोआप भरते, तरी तपासून घ्यायला हवीच. (बीट किंवा टोमॅटो सूप पोटात असेल, तर तेही आठवून पाहा.)

हिरव्या रंगाचा अर्थ मात्र वयावर ठरतो. मोठ्या माणसाला वारंवार उलट्या होऊन पोट रिकामं झालं की शेवटी पिवळं-हिरवं कडू पाणी पडतं. ते पित्त. पोट फुगलेलं नसेल आणि वारा सरत असेल, तर फार घाबरायचं कारण नसतं. पण काही दिवसांच्या बाळाने हिरवी उलटी केली, तर ‘दूध पचलं नाही’ म्हणून गुटी उगाळत बसू नये. पित्त आतड्यात जिथे येऊन मिळतं त्याच्या पुढे वाट अडल्याची ती खूण असू शकते. जन्मतः आतडी नीट बसलेली नसतील तर त्यांना पीळ पडतो, रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत आतडं निकामी होऊ लागतं. सुरुवातीला बाळाचं पोट मऊच असतं, ते शांतही दिसतं, आणि म्हणूनच घरचे थांबतात. हिरवा डाग पडलेलं दुपटं धुऊ नये. ते तसंच घेऊन, बालशस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात त्याच वेळी निघावं, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत.