सेफ्टी शूज विकायचेत? आधी फ्लोअर बघा, मग टो: स्टील, कंपोझिट आणि सोलचा हिशोब

आटपाडी, विटा भागातली बरीच मुलं आता कुपवाड, पलूस, शिरोलीच्या कारखान्यांना माल पुरवायचा विचार करतायत. हातमोजे, गॉगल, हेल्मेट आणि सोबत सेफ्टी शूज. यातला सगळ्यात अवघड आयटम बूट. कारण ग्राहक एकच प्रश्न विचारतो, "स्टील टो देऊ की कंपोझिट?" आणि आपणही त्याच प्रश्नात अडकतो. फाउंड्रीसारख्या गरम आणि तेलकट फ्लोअरवर बूट बहुतेक वेळा टोमुळे नाही, सोलमुळे फेल जातो. म्हणून आज टोचा विषय आधी उरकू आणि मग सोलवर येऊ.

टो: दोन्ही पास, फरक दुसरीकडे

आपल्याकडे सेफ्टी शूजचं मानक आहे आयएस १५२९८, भाग २. यात टोला २०० जूलचा मार सोसावा लागतो. सोपं करून सांगायचं तर २० किलोचं वजन साधारण एक मीटरवरून बोटांवर पडलं तरी बोटं वाचली पाहिजेत. शिवाय सुमारे दीड टनाचा दाब सहन झाला पाहिजे. ही परीक्षा स्टीलला वेगळी आणि कंपोझिटला वेगळी नाही. म्हणजे "कंपोझिट कच्चा असतो" हे खरं नाही, आणि "कंपोझिट जास्त मजबूत" हेही खरं नाही.

मग फरक कुठे? स्टीलची टोपी पातळ असते, त्यामुळे बुटाचं नाक आटोपशीर राहतं आणि किंमतही कमी. पण स्टील उष्णता पटकन घेतं, भट्टीसमोर तास-दोन तास उभं राहिलं की बोटांना ते जाणवतं. कंपोझिट म्हणजे फायबर किंवा कडक प्लास्टिक. ते हलकं, उष्णता कमी पोचवणारं, मेटल डिटेक्टरला न वाजणारं. पण तेवढीच ताकद यायला टोपी जाड करावी लागते, म्हणून रुंद पंजाच्या माणसाला तो बूट घालून बघूनच द्या.

अजून एक गोष्ट ग्राहकाला सांगाच. जड वस्तू पडल्यावर स्टील चेपतं, ते कधीकधी हाताला कळतं. कंपोझिटला आतून तडा जातो आणि वरून चामडं जसंच्या तसं दिसतं. दोन्हीत नियम एकच: मोठा मार बसलेला बूट बदलायचा.

सोल: "ऑइल रेझिस्टंट" म्हणजे "घसरत नाही" असं नाही

इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहे. तेलरोधक सोल म्हणजे तेलात राहून तो फुगत नाही, मऊ पडत नाही, भेगाळत नाही. बुटावर त्यासाठी एफओ हे अक्षर असतं. तेल सांडलेल्या फरशीवर पाय घसरेल का, ही परीक्षाच वेगळी. तिचे शिक्के एसआरए, एसआरबी आणि एसआरसी. एसआरए म्हणजे साबणाच्या पाण्याच्या टाइल्सवर पास, एसआरबी म्हणजे ग्लिसरीन लावलेल्या स्टीलवर पास, आणि एसआरसी म्हणजे दोन्हीवर. ग्राहकाला एफओचा बूट देऊन "घसरणार नाही" असं सांगितलं आणि कामगार हातात लॅडल घेऊन घसरला, तर काय होईल हे वेगळं सांगायला नको.

तिसरी गोष्ट उष्णता. बाजारात सगळ्यात जास्त चालतो तो पीयूचा सोल. हलका, मऊ, दिवसभर घालायला चांगला. पण साधारण शंभर-सव्वाशे अंशांच्या पुढे त्याचा टिकाव लागत नाही. नुकत्याच फोडलेल्या साच्याची वाळू, लाल चिप्स, वेल्डिंगचा गोळा यावर पाय पडला की तो वितळतो. गरम फ्लोअरला नायट्राइल रबरचा सोल लागतो आणि त्यावर एचआरओ शिक्का बघायचा. एचआरओ म्हणजे ३०० अंशांच्या गरम पृष्ठभागावर एक मिनिट टेकवूनही सोल वितळला नाही. मिनिटाचीच परीक्षा आहे, दिवसभर निखाऱ्यावर उभं राहण्याची नाही. तळव्याला आच कमी लागावी म्हणून एचआय हा वेगळा शिक्का असतो.

आता लक्षात आलं का? ग्राहक "हीट आहे, म्हणून कंपोझिट द्या" म्हणतो. आपण कंपोझिट देतो, पण खाली सोल पीयूचा. टोचे पैसे जास्त गेले आणि महिन्याभरात सोल गेला.

एक ऑर्डर सोडवून बघू

समजा पलूसला एक छोटी फाउंड्री आहे, ३० कामगार. मालक म्हणतो, "सगळ्यांना एकच बूट द्या." लगेच होकार देऊ नका. दुपारच्या शिफ्टला आत जा आणि कामगारांचे जुने बूट उलटे करून बघा. सोलची नक्षी वितळून गुळगुळीत झाली असेल तर त्रास उष्णतेचा. सोल फुगून कडेने सुटला असेल तर तेल-कूलंटचा. सोलमध्ये लोखंडाच्या चिप्स रुतल्या असतील तर गरम चिप्सचा.

समजा असं निघालं: १० जण ओतकाम आणि साचा फोडण्यावर, १४ जण लेथ-सीएनसीवर, ६ जण पॅकिंगला. पहिल्या १० जणांना नायट्राइल, एचआरओ. टो कंपोझिट परवडला तर बरं, नाहीतर स्टील चालेल, पण सोलमध्ये तडजोड नाही. ओतकामावर लेसचा बूट टाळा. रस वितळून आत गेला तर बूट क्षणात काढता आला पाहिजे, आणि लेसच्या फटीत रस अडकतो. पँट बुटाच्या बाहेर, वर लेग गार्ड. एचआरओ वितळलेल्या लोखंडापासून वाचवत नाही, हे मालकाला स्पष्ट सांगा. मशीन शॉपच्या १४ जणांना स्टील टो, एफओ आणि एसआरसी असलेला सोल. पॅकिंगच्या ६ जणांना साधा पीयू, स्टील टो पुरे.

"नायट्राइल महाग पडतो" असं मालक म्हणेल. तेव्हा महिन्याचा हिशोब मांडा. समजा पीयू ७०० रुपयांचा आणि गरम जागी ४ महिने टिकला, तर महिन्याला १७५. नायट्राइल १४०० चा आणि १० महिने टिकला, तर १४०. हे आकडे समजायला घेतलेत. खरे आकडे त्याच कारखान्यातून घ्या, दोन-दोन जोड ट्रायलला देऊन.

आपल्या दुकानासाठी दोन सवयी

एक, आयएसआय मार्क आणि खालचा सीएम/एल नंबर बीआयएस केअर अॅपवर टाकून बघितल्याशिवाय माल उचलू नका.

दोन, बुटावरची उत्पादनाची तारीख बघा. पीयूचा सोल डब्यात पडून राहिला तरी हवेतल्या दमटपणाने काही वर्षांत ठिसूळ होतो आणि पहिल्याच आठवड्यात तुकडे पडतात. स्वस्तात मिळालेला जुना लॉट म्हणजे बहुतेक हेच. वर्षभरात विकेल तेवढाच पीयू भरा.

तुमच्या ग्राहकाचा फ्लोअर कसा आहे, फाउंड्री, साखर कारखाना की फॅब्रिकेशन, ते कमेंटमध्ये लिहा. त्याप्रमाणे सोल कुठला घ्यायचा ते बोलू.