पार्किंगचा मजला किती सरकतो?

२६ जानेवारी २००१. सकाळी पावणेनऊच्या सुमारास कच्छमध्ये भचाऊजवळ जमीन हादरली. अहमदाबाद तिथून दोनशे किलोमीटरहून दूर. इतक्या अंतरावर धक्का बराच सौम्य झालेला असतो, आणि शहरातल्या बहुतेक इमारती उभ्या राहिल्याही. पण शंभरावर बहुमजली इमारती कोसळल्या आणि शेकडो माणसं गेली. नंतर अभियंत्यांनी ढिगारे तपासले, तेव्हा एक दृश्य पुन्हा पुन्हा दिसलं. वरचे मजले एकावर एक तसेच, खोल्यांच्या भिंतीही बऱ्याच ठिकाणी शाबूत, आणि सगळ्यांत खालचा मजला मात्र नाहीसा. जिथे गाड्या उभ्या असायच्या, तिथे आता पहिल्या मजल्याचा स्लॅब जमिनीला टेकला होता.

या इमारतींच्या तळाशी भिंती नव्हत्या, नुसते कॉलम होते. आपल्याकडे याला स्टिल्ट म्हणतात, अभियंते या दोषाला ‘सॉफ्ट स्टोरी’ म्हणतात. सॉफ्ट म्हणजे कच्च्या मालाचा किंवा कमजोर काँक्रीटचा नव्हे. सिमेंट उत्तम असूनही मजला सॉफ्ट असू शकतो. शेजारच्या मजल्याच्या मानाने तो आडव्या धक्क्याला जास्त झुकतो, एवढाच त्या शब्दाचा अर्थ.

ज्वारीच्या शेतातला राखणीचा माळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे चटकन कळेल. चार खांब हलवले तर वरची फळ्यांची बैठक जशीच्या तशी राहते, वाकतात ते खांब. घराच्या विटांच्या भिंतीही अशाच वागतात. नकाशात त्या नुसत्या आडोशाच्या, भार न घेणाऱ्या म्हणून दाखवलेल्या असतात. पण कॉलम-बीमच्या चौकटीत गच्च बसलेली वीटभिंत चौकटीला तिरकं होऊ देत नाही. ती कर्णावर घातलेल्या टेक्यासारखी काम करते. म्हणजे वरच्या मजल्यांना प्रत्येक फ्लॅटमधल्या भिंतींनी नकळत ताठ केलेलं असतं, आणि पार्किंगचा मजला एकटाच मोकळा राहिलेला असतो. भूकंपात इमारतीला जे काही सरकायचं असतं, त्यातलं बहुतेक त्याच्या वाट्याला येतं.

हे सरकणं मोजण्याच्या मापाला ‘स्टोरी ड्रिफ्ट’ म्हणतात. एखाद्या मजल्याचं छत त्याच्या तळाच्या मानाने आडवं किती हललं, ते म्हणजे त्या मजल्याचा ड्रिफ्ट. संपूर्ण इमारत गच्चीशी किती हलली याला इथे फारसं महत्त्व नाही. आगगाडीचा डबा कितीही डोलला तरी प्रवाशाला इजा होत नाही, पण दोन डब्यांमधला सांधा सुटला तर होते. इमारतीतही दोन स्लॅबांमधला फरकच कॉलम मोडतो. भारतीय भूकंप संहिता, आयएस १८९३, यासाठी एक सोपी मर्यादा घालते: ठरवून दिलेल्या भूकंप-बलाखाली कोणत्याही मजल्याचा ड्रिफ्ट त्याच्या उंचीच्या ०.००४ पटीपेक्षा जास्त नको. तीन मीटरच्या मजल्याला बारा मिलिमीटर, म्हणजे बोटाच्या रुंदीहूनही थोडं कमी.

आता एक नमुना हिशोब. पुण्यातली स्टिल्ट अधिक चार मजल्यांची एक इमारत डोळ्यांसमोर आणा. आकडे सोयीसाठी गोल धरले आहेत, पण अशा इमारतीत भेटतात तसेच आहेत. पार्किंगची उंची ३.२ मीटर, वरचे मजले तीन-तीन मीटर, बारा कॉलम, एकूण वजन दहा हजार किलोन्यूटन, म्हणजे साधारण हजार टन. संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत पुणे तिसऱ्या भूकंप-क्षेत्रात येतं. त्या क्षेत्राचा गुणांक ०.१६; चौकट लवचीक बांधणीची असेल तर हिशोबाअंती इमारतीच्या वजनाच्या चार टक्के एवढं आडवं बल तळाशी धरावं लागतं. इथे ते ४०० किलोन्यूटन भरतं.

संगणकावर नुसत्या कॉलम-बीमची चौकट उभी केली आणि हे बल लावलं. पार्किंगचा मजला दहा मिलिमीटर सरकला. मर्यादा आहे ३२०० गुणिले ०.००४, म्हणजे १२.८. पास. पहिल्या मजल्यावरही दहाच मिलिमीटर आले, तिथली मर्यादा बारा. पास. मग मजल्याचा ताठपणा पाहिला: मजल्यावर येणारं बल भागिले त्याचा ड्रिफ्ट. पार्किंगला ४०० भागिले १०, म्हणजे दर मिलिमीटरला ४० किलोन्यूटन. पहिल्या मजल्यावर येणारं बल किंचित कमी, ३९२, ताठपणा ३९. खालचा मजला वरच्यापेक्षा जराही कमी नाही. सॉफ्ट स्टोरी नाही, असा शेरा आणि फाईल बंद.

या शेऱ्यात खोट आहे, आणि ती गणितात नाही, चित्रात आहे. संगणकाने जी इमारत तपासली तिला एकही भिंत नाही. सर्व मजले स्टिल्टसारखेच मोकळे, म्हणून सर्व मजले सारखे. प्रत्यक्ष इमारतीत चार मजले भिंतींनी भरलेले आणि एक रिकामा. नेमका हा फरकच चित्रातून गळाला.

म्हणून भिंती हिशोबात घ्याव्या लागतात. कॉलम-बीमच्या प्रत्येक भरलेल्या चौकटीत भिंतीच्या जागी कर्णाच्या दिशेने एक तिरपा दाब-दांडा कल्पितात आणि त्याची जाडी, रुंदी भिंतीच्या मापांवरून ठरवतात. हे केल्यावर आपल्या नमुना इमारतीचं चित्र पालटतं. पहिल्या मजल्याचा ड्रिफ्ट दहावरून दोन मिलिमीटरवर येतो. ताठपणा ३९२ भागिले २, म्हणजे १९६. पार्किंगच्या कॉलमांना वरच्या बीमला चिकटलेल्या भिंतींचा थोडा आधार मिळतो, त्यामुळे तिथला ड्रिफ्ट नऊवर येतो आणि ताठपणा ४४ होतो. ४४ भागिले १९६: पार्किंगचा मजला वरच्या मजल्याच्या जेमतेम २२ टक्के ताठ आहे.

संहितेच्या २००२ च्या आवृत्तीत वरच्या मजल्याच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी ताठ मजला सॉफ्ट मानला जाई. वरच्या तीन मजल्यांच्या सरासरीशी तुलना केली तर सीमा ८० टक्क्यांची होती. २०१६ मध्ये व्याख्या आणखी कडक झाली: वरच्या मजल्याहून ताठपणा कमी, एवढंच पुरे. शिवाय ताठपणाची ही तुलना वीटभिंती धरूनच करावी, असं त्याच आवृत्तीने स्पष्ट सांगितलं. त्यामुळे २२ टक्क्यांचा मजला कोणत्याही व्याख्येने सॉफ्टच.

इथे एक विचित्र गोष्ट दिसते. ड्रिफ्टची तपासणी अजूनही पास आहे! नऊ मिलिमीटर १२.८ पेक्षा कमीच. नुसता ड्रिफ्ट बघणारा माणूस या इमारतीला सुरक्षित म्हणेल. याचं कारण त्या ४०० किलोन्यूटनमध्ये दडलेलं आहे. मोठ्या भूकंपात इमारतीवर येणारं खरं बल याच्या अनेक पट असू शकतं. कॉलम-बीम थोडे वाकून, तडे जाऊन ऊर्जा पचवतील या भरवशावर संहिता ते बल पाचाने भागून देते. म्हणजे खरं सरकणं अंदाजायचं तर नऊला पाचाने गुणावं लागतं, आणि मग ४५ मिलिमीटर हाती येतात. तो पाचचा भागाकारही तेव्हाच खरा, जेव्हा वाकण्याचं काम सगळ्या मजल्यांवर वाटलं जातं. सॉफ्ट मजल्यात ते वाटलं जात नाही. बारा कॉलमांच्या वरच्या आणि खालच्या टोकांनीच सगळं पेलायचं. टोकं एकदा पिचली की वरचे हजार टन तिरप्या कॉलमांवर आणखी कलतात, आणि ते वजनच इमारतीला पुढे ढकलू लागतं. अहमदाबादमध्ये अनेक कॉलमांच्या टोकांना रिंगा दूरदूर बसवलेल्या होत्या, त्यांचे आकडे आत नीट वळवलेले नव्हते; टोकं पिचल्यावर काँक्रीट धरून ठेवायला काहीच उरलं नाही. शिवाय लिफ्टभोवतीच्या भिंती स्लॅबला पुरेशा जोडलेल्या नव्हत्या, म्हणून त्यांचा आधारही मिळाला नाही.

त्यामुळे दोन्ही तपासण्या हव्यात: ड्रिफ्ट मर्यादेत आहे का, आणि तो मजल्यामजल्यांत कसा वाटला गेला आहे. नमुना इमारतीत नऊनंतर दोन आला, ही उडीच धोक्याची खूण. निरोगी इमारतीत हे आकडे हळूहळू बदलतात.

भुजनंतर आलेल्या २००२ च्या आवृत्तीने एक वाट दाखवली होती: मोकळ्या मजल्याचे कॉलम-बीम नेहमीच्या अडीच पट बलासाठी बांधा. याने मजला मजबूत होतो, पण मजबुती म्हणजे ताठपणा नव्हे. वरच्या भिंतींशी असलेली दरी पूर्ण मिटेलच असं नाही. २०१६ ची मागणी थेट आहे: मोकळ्या मजल्यात आरसीसी भिंती किंवा तिरपे आधार घालून त्याचा ताठपणा वरच्या मजल्याच्या ८० टक्क्यांच्या वर न्या. आपल्या इमारतीत १९६ चे ८० टक्के म्हणजे १५७. कॉलमांचे ४४ वजा जाता ११३ भिंतींनी द्यायचे. दोन-अडीच मीटर लांबीच्या, पायापर्यंत गेलेल्या दोन आरसीसी भिंती प्रत्येक दिशेला घातल्या तर कागदावर हे सहज साधतं. पाया मातीत कलला तर त्यातलं बरंच गळतं, म्हणून भिंतीचा पायाही त्याच हिशोबात धरावा लागतो. मग पार्किंगचा ड्रिफ्ट नऊवरून अडीच मिलिमीटरवर उतरतो, वरच्या दोनच्या शेजारी शोभेलसा. बदल्यात गाड्यांच्या दोन-चार जागा जातात. जुन्या सोसायट्यांमध्ये घोडं बहुधा इथेच अडतं.

भिंत कुठे घालायची, याला मोजमापाइतकंच महत्त्व आहे. पुष्कळ पार्किंगमध्ये नंतर एका कोपऱ्यात सोसायटीचं ऑफिस, मीटर रूम, वॉचमनची खोली येते. सगळं एकाच बाजूला. मग तो कोपरा ताठ आणि समोरची बाजू मोकळी. धक्क्यात इमारत सरळ न सरकता पिळली जाते आणि लांबचे कॉलम जास्त सोसतात. अर्धी भिंत तर अधिकच घातक. कॉलमला कमरेपर्यंत भिंतीने जखडलं की वाकायला वरचा तोकडा भागच उरतो, आणि तो झुकण्याऐवजी तिरका फुटतो. म्हणून नव्या आरसीसी भिंती दोन्ही दिशांना, समोरासमोर आणि पूर्ण उंचीच्या घातल्या जातात.

घर घेणाऱ्याला किंवा सोसायटीच्या कमिटीला अभियंत्याकडे मागण्यासारखा एकच कागद आहे: दोन्ही दिशांना प्रत्येक मजल्याची उंची, ड्रिफ्ट, मर्यादा आणि ताठपणा यांचा तक्ता. तो हाती आला की पहिला प्रश्न विचारायचा, हा हिशोब भिंती धरून केला आहे की सोडून? भिंती सोडून केला असेल, तर पार्किंगच्या ओळीतल्या आकड्यांवरून सॉफ्ट स्टोरी नाही असं ठरवता येत नाही.