पाऊस आला की डिश का जाते?

रत्नागिरीत जुलैमध्ये जोराची सर आली की घरोघरी टीव्हीचं तेच होतं. चित्राचे चौकोनी तुकडे पडतात, आवाज तुटतो आणि पडद्यावर ‘सिग्नल नाही’ अशी पाटी येते. पण एकाच वाडीतल्या सगळ्या डिश एकदम जात नाहीत. एका घरी साध्या सरीतही टीव्ही बंद पडतो, तर शेजारी धो धो कोसळायला लागल्यावरच जातो. पाऊस दोन्ही घरांवर सारखाच पडतो. फरक असतो तो डिश कशी बसवली आहे यात.

आपल्याकडच्या डीटीएच सेवा ‘केयू बँड’वर चालतात. या लहरींची लांबी सुमारे अडीच सेंटिमीटर असते. मोठ्या सरीतला थेंब तीन-चार मिलिमीटरचा असतो. एवढा थेंब लहरीची थोडी ऊर्जा शोषून घेतो आणि थोडी इकडेतिकडे विखुरतो. एका थेंबाने काहीच बिघडत नाही, पण पावसातून येणारी वाट लांब असते. डीडी फ्री डिशचा जीसॅट-15 हा उपग्रह 93.5 अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर आहे. रत्नागिरीहून तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे 60 अंशांवर येतो. पावसाळ्यात ढगात साधारण पाच किलोमीटर उंचीपर्यंत पाण्याचे थेंब असतात. त्याच्या वर बर्फ असतो, आणि बर्फ या लहरींना फारसा अडवत नाही. लहर तिरकी येत असल्यामुळे तिला जवळजवळ सहा किलोमीटर पावसाच्या थरातून यावं लागतं.

सिग्नलची ही वाट घराच्या आग्नेयेला साधारण तीन किलोमीटरपर्यंतच्या आकाशातून जाते. त्यामुळे आपल्या कौलांवर काय पडतंय यापेक्षा त्या तीन किलोमीटरवर काय पडतंय, याला महत्त्व असतं. ऑक्टोबरात दुपारनंतर सह्याद्रीकडून गडगडाट करत पाऊस येतो तेव्हा अंगण कोरडं असतानाच टीव्ही जातो. उलट समुद्राकडून आलेली सर आपल्यावरून पुढे सरकते, तेव्हा पाऊस थांबूनही काही मिनिटं चित्र परत येत नाही.

पावसामुळे सिग्नल क्षीण होतो, हे बहुतेकांना माहीत असतं. पण नुकसान एवढ्यावर थांबत नाही. जो पदार्थ लहरी शोषतो, तो स्वतःच्या उष्णतेमुळे त्याच लहरी बाहेरही टाकतो. निरभ्र आकाश या लहरींच्या दृष्टीने अतिशय थंड आणि शांत असतं. पाऊस भरून आला की डिशसमोर उबदार पाण्याचा पडदा उभा राहतो आणि त्याचा गोंगाट डिशमध्ये शिरतो. आधीच हळू बोलणाऱ्याचा आवाज आणखी खाली जावा आणि त्याच वेळी खोलीत कलकलाट वाढावा, तसं होतं. पावसाने सिग्नल निम्मा केला, तर गोंगाटही दुपटीहून अधिक होतो आणि दोहोंचं प्रमाण पाव हिश्श्याच्याही खाली येतं. बॉक्सच्या मेन्यूत ‘स्ट्रेंग्थ’ आणि ‘क्वालिटी’ असे दोन पट्टे दिसतात, त्यांचा अर्थ इथे कळतो. गोंगाटही ‘स्ट्रेंग्थ’मध्ये मोजला जातो, म्हणून पावसात तो पट्टा थोडाच उतरतो, पण ‘क्वालिटी’ धाडकन खाली येते. नजर दुसऱ्या पट्ट्यावर ठेवावी.

डिजिटल चित्राला ठरावीक किमान ‘क्वालिटी’ लागते. त्याच्या वर कितीही असली तरी चित्र सारखंच दिसतं, आणि खाली गेली की चित्र संपतं. म्हणूनच मे महिन्यात उत्तम दिसणारी डिश जुलैत उघडी पडते. गाठीला किती राखीव सिग्नल आहे, हे उन्हाळ्यात चित्रावरून कळतच नाही.

समजा, 60 सेंटिमीटरच्या डिशला स्वच्छ आकाशात किमान गरजेपेक्षा 6 डेसिबल जास्त, म्हणजे चौपट सिग्नल मिळतो. पावसाचा पट्टा वाटेवर चार किलोमीटरचा धरला, तर ताशी 15 मिलिमीटरच्या आसपासच्या पावसात ही शिल्लक संपते. त्याच जागी 90 सेंटिमीटरची डिश लावली की तिचं क्षेत्रफळ सव्वादोनपट होतं आणि साधारण 3.5 डेसिबलची भर पडते. आता ती ताशी 30 मिलिमीटरपर्यंत तग धरते. रोजच्या बहुतेक सरी यात निभावतात. पण ताशी 100 मिलिमीटरचा पाऊस तेवढ्याच पट्ट्यात आला, तर सुमारे 20 डेसिबल नुसते अडतात, गोंगाट वेगळाच. तिथे टिकायला पाच मीटरहून मोठी डिश लागेल. घरासाठी ते शक्य नाही, तेव्हा त्या दहा-पंधरा मिनिटांची वाट पाहावी.

मोठी डिश घेण्याआधी आहे ती नीट रोखली आहे का, ते बघायला हवं. 60 सेंटिमीटरच्या डिशची दृष्टी सुमारे तीन अंश रुंद असते. ती एक अंश चुकली तरी सव्वा डेसिबलच्या आसपास जातो. 90 सेंटिमीटरच्या डिशची दृष्टी दोनच अंश असते, म्हणून तिथे तेवढीच चूक निम्मा सिग्नल खाते. घाईत बसवणारा चित्र आलं की नटबोल्ट आवळून उतरतो. खरं तर ‘क्वालिटी’ वाढून पुन्हा कमी व्हायला लागेपर्यंत डिश हळूहळू फिरवायची, आणि दोन्ही बाजूंच्या उतारांच्या मधोमध आणून थांबवायची. हे आधी आडवं, मग उभं. त्यानंतर एलएनबी तिच्या पकडीत थोडी थोडी फिरवून तोच शोध घ्यायचा, कारण आपल्याकडून तिचा कल बराच तिरका लागतो. बोल्ट आवळताना डिश हलते, म्हणून आवळल्यावर आकडा पुन्हा बघायचा. खांब पोकळ विटेच्या कठड्यात ठोकलेला असेल, तर पावसाळी वाऱ्यात हे सगळं वाया जातं. काँक्रीटमध्ये अँकर बोल्ट आणि खांबाला एक-दोन आधार हवेत.

पाणी दुसरीकडूनही घात करतं. एलएनबीच्या तोंडावरचं प्लॅस्टिकचं झाकण उन्हाने तडकतं. त्याच्यावर पाण्याचा पातळ थर बसला तरी सिग्नल बऱ्यापैकी अडतो, आणि आत पाणी गेलं तर एलएनबी बदलावीच लागते. बरेच जण तिच्यावर पॉलिथिनची पिशवी बांधतात. ओली पिशवी तोंडाला चिकटते आणि पाणी तिथेच धरून ठेवते. वरून छपरासारखी बाहेर आलेली, पण तोंड मोकळं ठेवणारी झापड बरी.

केबलचा जोड खालच्या बाजूला तोंड करून असावा, त्यावर रबरी बूट किंवा स्वतःत एकजीव होणारी टेप असावी, आणि भिंतीत शिरण्याआधी केबलला खाली लोंबता फेरा द्यावा, म्हणजे ओघळ तिथून गळून जातो. जोड उघडून पाहिला आणि तांब्याची मधली तार हिरवट-काळी दिसली, तर पाणी शिरलंच आहे. तेवढा तुकडा कापून नवा कनेक्टर लावावा. ओळखायची खूणही सोपी आहे. नुसता पावसाचा अडथळा असेल तर सर सरकली की चित्र येतं. ऊन पडून सगळं वाळल्यावरच येत असेल, तर दोष जोडात किंवा एलएनबीत आहे.

आग्नेयेच्या माडाकडेही बघावं. मेमध्ये बाजूने जाणारी झावळ पावसात वाढून आणि भिजून लहरीच्या वाटेत येते.

बाजारात मिळणारा लाइन अ‍ॅम्प्लिफायर मात्र यातल्या कशावरच उपाय नाही. तो लांब केबलमधली घट भरून काढतो. पावसाचा गोंगाट त्याच्या आधीच, डिशमध्येच मिसळलेला असतो, आणि अ‍ॅम्प्लिफायर सिग्नलबरोबर तोही तेवढाच वाढवतो.