मंगळ पाहतो, शनी पाहत नाही

कर्नाटकातल्या भालकीत सोयरीक जुळवायला बसले की कधी कधी दोन तऱ्हेच्या कुंडल्या समोरासमोर येतात. मराठी वळणाची कुंडली तिरप्या रेघांची. तिच्यात वरच्या मधल्या घरात लग्न, आकडे राशींचे आणि मोजणी घड्याळाच्या उलट. कन्नड वळणाची बारा चौकोनांची. तिच्यात वर डाव्या कोपऱ्यात मीन, तिच्या उजवीकडे मेष, आणि मोजणी घड्याळाप्रमाणे. एकीची सवय असलेला माणूस दुसरीत बोट ठेवतो आणि उलट्या दिशेला मोजत जातो. मग ग्रहाची दृष्टी भलत्याच घरावर पडते.

नियम तसा सोपा आहे. ग्रह ज्या राशीत बसला ती पहिली धरायची. तिथून सातवीवर प्रत्येक ग्रहाची पूर्ण दृष्टी असते. शनी त्याखेरीज तिसरी आणि दहावी, मंगळ चौथी आणि आठवी, गुरू पाचवी आणि नववी रास पूर्ण पाहतो. या दृष्टी फक्त या तिघांच्याच, असे अनेकांना वाटते. वराहमिहिराचे बृहज्जातक तसे सांगत नाही. त्यात सगळेच ग्रह तिसऱ्या-दहाव्या स्थानी पाव, पाचव्या-नवव्या स्थानी अर्धे आणि चौथ्या-आठव्या स्थानी पाऊण पाहतात. या तिघांची नजर आपापल्या जोडीपुरती पूर्ण होते, एवढाच त्यांचा विशेष.

जून-जुलै 2025 मधल्या बहुतेक दिवसांचे आकाश घ्या. शनी मीनेत होता आणि मंगळ सिंहेत. सिंह एक, कन्या दोन, तूळ तीन, वृश्चिक चार, धनू पाच, मकर सहा, कुंभ सात, मीन आठ. म्हणजे मंगळाची आठवी दृष्टी थेट शनीवर. आता शनीकडून मोजा. मीन एक, मेष दोन, वृषभ तीन, मिथुन चार, कर्क पाच, सिंह सहा. सहाव्या स्थानी कोणाचीच दृष्टी नसते. मंगळ शनीला पूर्ण पाहतो आणि शनी मंगळाला मुळीच पाहत नाही. ‘शनी-मंगळाची दृष्टी आहे’ असे मोघम सांगितले की ही एकतर्फी गोष्ट झाकली जाते. माझ्या मते पत्रिका वाचताना होणारी ही सर्वांत मोठी चूक आहे.

दुसरी चूक ग्रहाची स्वतःची रास सोडून मोजण्याची. मग मंगळाची आठवी मीनेऐवजी मेषेवर जाते. पडताळा हाताशी आहे: आधी सातवी रास काढा. कुंडली कोणत्याही वळणाची असो, ती मध्यबिंदूतून बरोबर समोर यायला हवी. मंगळाची आठवी तिच्या लगतची पुढची रास.

ग्रहातून काही निघून दुसऱ्यावर पडते, असे खगोलशास्त्र मानत नाही. दृष्टी म्हणजे फलज्योतिषाने ठरवलेली मोजणी, आणि मोजणी म्हटली की ती चोख हवी. मुलीच्या पत्रिकेवर कोणी ‘मंगळाची दृष्टी’ म्हणून बोट ठेवले, तर ती चौथी, सातवी की आठवी हे विचारा आणि आपल्यासमोर मोजून घ्या.