ताशी 2 युनिट इन्सुलिन

डायबेटिक कीटोॲसिडोसिसमध्ये इन्सुलिनअभावी मुलाच्या रक्तात साखर आणि आम्ल दोन्ही साचतात. तरी उपचाराची सुरुवात इन्सुलिनने नव्हे, सलाइनने होते. 20 किलोच्या मुलाला आधी किलोमागे 10 मिली, म्हणजे 200 मिली सलाइन अर्ध्या ते एक तासात देतात. शरीरातील तूट 7 टक्के, म्हणजे 1400 मिली धरली, तर उरलेले 1200 मिली 48 तासांत विभागून ताशी 25 मिली होतात. त्यात रोजच्या गरजेचे ताशी सुमारे 62 मिली मिळवायचे. ही सावधगिरी मेंदूच्या सुजेच्या भीतीपोटी असते. डोकेदुखी वाढली, गुंगी आली किंवा नाडी मंदावली, तर ती धोक्याची खूण.

सलाइन सुरू झाल्यावर तासाभराने इन्सुलिन पंपाने सुरू होते. मात्रा किलोमागे ताशी 0.05 ते 0.1 युनिट, म्हणजे या मुलाला जास्तीत जास्त 2 युनिट. सुरुवातीला एकदम मोठा डोस देत नाहीत. इन्सुलिनमुळे पोटॅशियम पेशींत शिरून रक्तात घटते, म्हणून तेही सलाइनमधून द्यावे लागते.

साखर 250–300 मिलिग्रॅमपर्यंत उतरली की इन्सुलिन थांबवण्याचा मोह होतो, तो चुकीचा. तेव्हा सलाइनमध्ये ग्लुकोज मिसळतात आणि आम्ल ओसरेपर्यंत इन्सुलिन चालू ठेवतात.