एकाच शेअरमध्ये अडकलेली पुंजी: पुट की कॉलर?

1999 साली याहूने ब्रॉडकास्ट डॉट कॉम ही कंपनी सुमारे 570 कोटी डॉलरला घेतली आणि मोबदला रोखीत न देता स्वतःच्या शेअरमध्ये दिला. संस्थापकांपैकी एक असलेल्या मार्क क्युबन यांच्या वाट्याला याहूचे 1 कोटी 46 लाख शेअर आले. भाव तेव्हा 95 डॉलरच्या आसपास होता. कागदावर ते अब्जाधीश झाले, पण ती सगळी श्रीमंती एका इंटरनेट कंपनीच्या भावावर टांगलेली होती. त्यांनी दोन व्यवहार एकदमच केले. 85 डॉलरला शेअर विकण्याचा हक्क विकत घेतला आणि त्याचा खर्च भागवण्यासाठी 205 डॉलरला आपले शेअर घेण्याचा हक्क दुसऱ्याला विकला. मुदत तीन वर्षांची होती. जानेवारी 2000 मध्ये याहूचा भाव 205 च्याही वर गेला, तेव्हा वरचा नफा सोडून दिल्यासारखे अनेकांना वाटले असेल. पुढे एका शेअरचे दोन झाले आणि सप्टेंबर 2001 मध्ये या विभागलेल्या शेअरचा भाव दहा डॉलरच्याही खाली गेला. क्युबन यांची किमान किंमत मात्र 85 डॉलरच्या हिशेबाने, म्हणजे सुमारे 124 कोटी डॉलरवर, बांधलेली होती.

त्यांनी केलेल्या व्यवहाराला कॉलर म्हणतात. नुसता विकण्याचा हक्क घेतला असता, तर तो झाला संरक्षक पुट. आपल्याकडेही नोकरीत मिळालेले कंपनीचे शेअर किंवा वडिलांनी घेऊन ठेवलेल्या एखाद्या बँकेचे शेअर असे एकाच नावात साचलेले असतात. विकायचे म्हटले की कर आडवा येतो, कधी मनही होत नाही. अशा माणसासाठी या दोन मार्गांत नेमका फरक काय, हे एका उदाहरणाने पाहू. आकडे काल्पनिक आहेत, पण बाजारात सापडतील अशा प्रमाणातले आहेत.

समजा, एका कुटुंबाकडे एका कंपनीचे 1,000 शेअर आहेत. भाव 1,500 रुपये, म्हणजे मालमत्ता 15 लाखांची. ऑप्शनचा लॉट 500 शेअरचा आहे, तेव्हा दोन लॉट पुरतात. (लॉटच्या पटीत न बसणारे शेअर उघडेच राहतात, हे आधी पाहून घ्यावे.) तीन महिन्यांनी 1,400 रुपयांना विकण्याचा हक्क, म्हणजे 1,400 स्ट्राइकचा पुट, 36 रुपयांना मिळतो. तो घेतला की 36,000 रुपये प्रीमियम खिशातून जातो. हा विमाच आहे: पहिल्या शंभर रुपयांचे नुकसान आपले, त्याखालचे समोरच्याचे.

कॉलरमध्ये हाच पुट घ्यायचा आणि त्याच महिन्याचा 1,650 स्ट्राइकचा कॉल विकायचा. त्याचेही 36 रुपये येतात असे धरू. आले तितके गेले, म्हणून याला ‘झिरो कॉस्ट’ कॉलर म्हणतात. या शब्दाने फार लोक फसतात. खर्च शून्य नसतो, तो फक्त आज दिसत नाही.

मुदत संपताना भाव 1,100 वर आला, तर काहीच न करणाऱ्याचे 4 लाख जातात. पुटवाल्याचे शेअर 1,400 ने विकले जातात आणि प्रीमियम धरून त्याचे 1 लाख 36 हजार जातात. कॉलरवाल्याचे 1 लाखच जातात. भाव 1,500 वरच राहिला, तर पुटवाल्याचे 36,000 वाया जातात, कॉलरवाला जिथल्या तिथे राहतो. इथवर कॉलर सरसच दिसते. आता भाव 1,900 वर जाऊ द्या. पुटवाल्याकडे प्रीमियम वजा करून 18 लाख 64 हजारांची मालमत्ता उरते, तर कॉलरवाल्याला 1,650 ने शेअर द्यावे लागतात आणि हाती साडेसोळा लाख येतात. दोघांची रेषा 1,686 वर छेदते. भाव त्याखाली राहिला तर कॉलर स्वस्त, वर गेला तर पुट. म्हणून कॉलर लावण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: आज कोणी 1,650 रुपये भाव देऊ केला, तर मी हे शेअर आनंदाने देईन का? उत्तर ‘हो’ असेल, तर कॉल विकून आपण फारसे काही गमावत नाही. ‘नाही’ असेल, तर 36,000 वाचवण्यासाठी आपल्याला नको असलेला सौदा आपण लिहून देत आहोत.

इथपर्यंतचे गणित पुस्तकात सापडते. प्रत्यक्षात माणसे अडचणीत येतात ती मधल्या काळात, आणि ती बहुधा भाव वाढल्यावर येतात. पुट घेणाऱ्याने प्रीमियम भरला की त्याच्याकडे मुदतीच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत कोणी काही मागत नाही. कॉल विकणाऱ्याला मात्र पहिल्या दिवसापासून मार्जिन ठेवावे लागते, कराराच्या किमतीच्या साधारण पंधरा-वीस टक्के धरून चाला. पंधरा लाखांच्या शेअरमागे ही रक्कम अडीच-तीन लाखांच्या घरात जाते. डिमॅट खात्यातले शेअर नुसते असून चालत नाही. ते तारण ठेवले, तरच मार्जिनमध्ये धरले जातात, तेही बाजारभावापेक्षा कमी किमतीने, आणि ब्रोकर साधारणपणे निम्मे मार्जिन रोख किंवा रोखीसारख्या स्वरूपात मागतात.

आता समजा महिन्याभरातच भाव 1,900 झाला. शेअरवर 4 लाखांचा नफा आहे, पण तो डिमॅटमध्ये आहे. विकलेला 36 रुपयांचा कॉल तोवर 275 रुपयांच्या आसपास गेलेला असतो, म्हणजे त्या बाजूला सुमारे 2 लाख 40 हजारांचा तोटा दिसतो आणि ब्रोकरचा पैशांसाठी संदेश येतो. आपल्याकडचे शेअर ऑप्शन 2011 पासून युरोपीय पद्धतीचे आहेत, हक्क फक्त शेवटच्या दिवशी बजावता येतो. त्यामुळे लगेच शेअर देऊन मोकळे होता येत नाही, दोन महिने रोख पुरवावी लागते. ती नसेल तर ब्रोकर सौदा चढ्या भावाने बंद करतो. तोटा मग खरा होतो, आणि शेअर पुन्हा उघडा पडतो. ज्याची सगळी पुंजी एकाच शेअरमध्ये आहे, त्याच्याकडेच बहुधा हाताशी रोख नसते. याच कारणासाठी मी बाजूला चार-पाच लाखांची रोख नसलेल्या माणसाला कॉलर सुचवणार नाही, गणित कितीही गोड दिसले तरी.

दुसरी अडचण दोन्ही मार्गांना लागू आहे, आणि क्युबन यांच्यापेक्षा आपली स्थिती वेगळी करणारी तीच आहे. त्यांनी तीन वर्षांसाठी एक तळ बांधून घेतला होता, तसे मोठे करार बँकांशी खासगीत होतात. एनएसईवर एका शेअरच्या ऑप्शनला तीनच महिन्यांच्या मुदती असतात. त्यातही तिसऱ्या महिन्यात खरेदी-विक्रीच्या भावांत मोठी दरी असते. बाजारभावाने ऑर्डर टाकली तर 36 चा पुट 42 ला पडू शकतो, म्हणून मर्यादा घालूनच ऑर्डर द्यावी, आणि आधी पुट हाती आल्यावर मगच कॉल विकावा.

तरलतेपायी बरेच जण चालू महिन्याचाच पुट घेतात आणि दर महिन्याला नवा घेत जातात. यात तळ आपल्याबरोबर खाली सरकत जातो. भाव दर महिन्याला 5 टक्के पडला आणि आपण दर वेळी त्या दिवसाच्या भावाच्या सुमारे 7 टक्के खालचा पुट घेत गेलो, तर एकही पुट कधी कामाला येणार नाही. सहा महिन्यांत 1,500 चा शेअर 1,103 वर येईल आणि वर सहा प्रीमियम गेलेले असतील. पुट अचानक कोसळण्यापासून वाचवतो, संथ घसरणीपासून नाही. अशा घसरणीत कॉलर थोडी बरी ठरते, कारण दर महिन्याला कॉलचे पैसे येत राहून निदान प्रीमियमची भरपाई होते. पण तिचाही तळ तितकाच सरकतो. त्यामुळे निकाल, मोठा खटला किंवा शेअर विकण्यावरची बंदी उठण्याची तारीख अशी ठरावीक काळाची भीती असेल, तिथे पुट आपले काम चोख करतो.

शेवटच्या आठवड्याबद्दल एक सूचना. शेअरवरच्या ऑप्शनचा निपटारा 2019 पासून प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊन होतो. मुदत संपताना भाव 1,400 च्या खाली असेल आणि पुट तसाच ठेवला, तर आपले शेअर द्यावे लागतात, आणि त्याआधीच्या काही दिवसांत त्यावर मार्जिनही चढत जाते. मार्जिनसाठी ते शेअर तारण ठेवले असतील, तर वेळेत सोडवून घ्यावे लागतात. सोडवले नाहीत तर शेअर देण्यात कसूर होऊन लिलावाचा खर्च अंगावर येतो. शेअर ठेवायचेच असतील, तर पुट मुदतीआधी विकून नफा रोखीत घ्यावा. पण मग कराची विसंगती येते. पुटवरचा नफा व्यवसायाचे उत्पन्न धरून याच वर्षी आपल्या स्लॅबने करपात्र होतो आणि शेअरमधला तोटा विकेपर्यंत कागदावरच राहतो. स्वतःच्या कंपनीचे शेअर असतील, तर या कोणत्याही व्यवहाराआधी कंपनीच्या अनुपालन अधिकाऱ्याला विचारणे भाग आहे. सेबीच्या नियमांत नियुक्त कर्मचाऱ्यांच्या उलट व्यवहारांवर सहा महिन्यांची बंदी आहे आणि ऑप्शनही व्यवहारच आहेत.

खर्चाची तुलना मात्र फक्त पुट आणि कॉलर यांच्यात करू नये. आपल्या उदाहरणात निम्म्या शेअरवर वर्षभर तीन-तीन महिन्यांचे पुट घेतले, तर 72,000 रुपये जातात आणि पुढच्या वर्षी पुन्हा तितकेच. तेच 500 शेअर 300 रुपयांना घेतलेले असतील आणि आज विकले, तर 6 लाखांच्या दीर्घकालीन नफ्यातून सव्वा लाखाची सूट जाऊन उरलेल्यावर साडेबारा टक्के कर आणि उपकर मिळून सुमारे 62,000 होतात, तेही एकदाच. त्या अर्ध्यावर संरक्षणाचा प्रश्नच उरत नाही, आणि उरलेल्या अर्ध्यावर कॉलर लावायची झाली, तर तिला लागणारी रोख याच विक्रीतून हाती आलेली असते.