कॅम्पची रजा आणि सोबत जोडलेला आदेश

प्रादेशिक सेनेचा जवान वर्षातले दहा महिने तुमच्या-आमच्यातच असतो. टपाल कार्यालयाच्या काउंटरवर, बँकेत, कारखान्यात, नाहीतर स्वतःच्या शेतावर. उरलेले दोन महिने तो गणवेशात असतो. बिगर-विभागीय पायदळ बटालियनमधल्या जवानाला दरवर्षी साधारण दोन महिन्यांच्या वार्षिक प्रशिक्षण शिबिराला जावे लागते. बटालियनमध्ये त्याला नुसते ‘कॅम्प’ म्हणतात. नागरी सेनेची ही कल्पना 1948 च्या प्रादेशिक सेना कायद्याने आकाराला आली आणि 9 ऑक्टोबर 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिची सुरुवात झाली. मराठी मुलखाला ती परकी नाही. पुण्याची 101 आणि कोल्हापूरच्या टेंबलाई टेकडीवरची 109 या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या टीए बटालियन इथल्या लोकांच्या ओळखीच्या आहेत.

या जवानाची खरी कसोटी पुष्कळदा कॅम्पच्या आधीच, म्हणजे साहेबाच्या टेबलापाशी लागते. दोन महिने रजा म्हटली की साहेबाच्या कपाळावर आठ्या पडतात. जवानही संकोचतो आणि किरकोळ रजा मागावी तसा विनवणीच्या सुरात अर्ज लिहितो. इथेच चूक होते. कॅम्पला बोलावणे ही कायद्याने सांगितलेली लष्करी सेवा आहे आणि विनाकारण गैरहजर राहिल्यास त्याच कायद्यात शिक्षा आहे. त्यामुळे अर्ज कारणावर नव्हे, आदेशावर उभा करायचा. अर्जाला जोडलेला कागद हा पुरावा म्हणून नसतो, अर्जाचा आधारच तो असतो.

एक उदाहरण घेऊ. सांगलीतला एक डाक सहायक 109 बटालियनमध्ये शिपाई आहे. त्याला 2 जून ते 31 जुलै असा 60 दिवसांचा कॅम्प लागला आहे. आदेश हातात पडला की त्याने आधी तो नीट वाचावा. लष्करी क्रमांक, हुद्दा आणि नाव बरोबर आहे का, हजर होण्याची तारीख आणि ठिकाण कोणते, कॅम्प संपण्याची तारीख दिली आहे का, अधिकाऱ्याची सही आणि शिक्का आहे का, हे पाहावे. कार्यालयातल्या नोंदीत नाव एका प्रकारे आणि सैन्याच्या कागदावर दुसऱ्या प्रकारे असले, तर फाइल तिथेच अडते. वडिलांचे नाव मधे असणे-नसणे एवढाच फरक असला तरी अडते. तो फरक अर्जातच एका वाक्यात सांगून टाकावा.

मग अर्ज. तो लांबलचक नको. कार्यालयीन मराठीत तो साधारण असा होईल :

‘विषय : प्रादेशिक सेनेच्या वार्षिक प्रशिक्षण शिबिरासाठी रजा मंजूर होण्याबाबत. महोदय, मी 109 इन्फन्ट्री बटालियन (प्रादेशिक सेना) येथे शिपाई या पदावर आहे. सोबत जोडलेल्या आदेशान्वये मला 2 जून रोजी कोल्हापूर येथे शिबिरासाठी हजर व्हावयाचे असून शिबिर 31 जुलै रोजी संपेल. सदर कालावधी नियमानुसार विचारात घ्यावा व माझ्या अर्जित रजेतून वजा करू नये, ही विनंती. मी 1 ऑगस्ट रोजी कामावर रुजू होईन. प्रादेशिक सेनेत भरती होताना कार्यालयाने दिलेल्या ना-हरकत प्रमाणपत्राची प्रतही सोबत आहे.’

अर्जित रजेचे वाक्य मुद्दाम घातले आहे. नुसती ‘60 दिवस रजा मिळावी’ एवढीच मागणी केली, तर आस्थापना शाखेतला लिपिक समोर दिसेल त्या खात्यातून, म्हणजे शिल्लक अर्जित रजेतून, ती कापतो आणि वर्षाअखेर रजेचा हिशेब पाहिल्यावर जवानाला ते कळते. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याच्या बाबतीत हा काळ रजा, वेतनवाढ आणि निवृत्तिवेतन यांसाठी सेवेतला काळ म्हणून धरला जातो. ना-हरकत प्रमाणपत्र जोडण्यालाही अर्थ आहे. बदलून आलेल्या नव्या साहेबाला हा माणूस सैन्यात आहे हेच पुष्कळदा ठाऊक नसते. पूर्वी याच कार्यालयाने संमती दिली होती, हे त्या कागदावरून दिसते.

अर्ज आदेश मिळाल्या दिवशीच द्यावा. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा आणि ती प्रत घरी ठेवावी. आदेशाचा फोटो काढून साहेबाच्या मोबाइलवर पाठवला म्हणजे काम झाले, असे समजू नये. तसाच तो कार्यालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणे तर अगदीच अयोग्य. त्यावर इतर जवानांची नावे किंवा तुकडीचा ठावठिकाणा असू शकतो. कार्यालयासाठी फक्त आपल्यापुरता उतारा किंवा मालकासाठी दिलेली प्रत मागून घ्यावी.

आता पगाराचे. कॅम्पच्या काळात त्याला पगार सैन्याकडून मिळतो. केंद्रीय कर्मचाऱ्याचे नागरी वेतन त्याहून जास्त असले, तर फरक त्याचे खाते देते. समजा, या डाक सहायकाला टपाल खात्यात दरमहा 52,000 रुपये मिळतात आणि कॅम्पमध्ये 44,000 मिळाले, तर महिन्याला 8,000 प्रमाणे दोन महिन्यांचा फरक 16,000 रुपये होतो. पण तो आपोआप खात्यावर येत नाही. कॅम्प संपताना युनिटकडून दोन कागद घेऊन यावे लागतात : एक, प्रत्यक्ष किती दिवस हजर होतो याचे प्रमाणपत्र आणि दुसरा, तिथे मिळालेल्या वेतनाचा दाखला. हे दोन कागद विसरले की फरकाचे बिल महिनोन् महिने पडून राहते. त्याहून वाईट म्हणजे कॅम्पचा काळ सेवा पुस्तकात ‘अनधिकृत गैरहजेरी’ म्हणून चढण्याची भीती असते. बटालियन सोडण्याआधी एक दुपार खर्ची घालून कागद हातात घेणे, पुढच्या खेपांपेक्षा कितीतरी सोपे.

कधी परतीची तारीखच हलते. मे 2025 मध्ये केंद्र सरकारने लष्करप्रमुखांना प्रादेशिक सेनेतल्या प्रत्येक अधिकाऱ्याला व जवानाला बोलावण्याचे अधिकार दिले आणि 32 पायदळ बटालियनपैकी 14 बटालियन सेवेसाठी उभ्या करण्याचे ठरवले. अशा वेळी दोन महिन्यांची सेवा लांबते. मुदत वाढली की जुन्या आदेशावर ती भागत नाही. युनिटकडून वाढीव मुदतीचे पत्र घेऊन ते लगेच कार्यालयाला स्पीड पोस्टाने पाठवावे. घरच्यांकडे पहिल्या अर्जाची शिक्का मारलेली प्रत असेल, तर तेही हे काम करू शकतात.

राज्य सरकारी कर्मचारी, बँका आणि महामंडळे यांचे नियम आपापले आहेत. तिथे आस्थापना शाखेकडून लागू असलेले परिपत्रक आधीच मागून घ्यावे. खासगी नोकरीतल्या जवानाची अडचण वेगळी आहे. कायदा त्याची नोकरी सांभाळतो, पण मालकाने कॅम्पच्या काळाचा पगार द्यावा असे सांगत नाही. कलम 7अ प्रमाणे लष्करी सेवा संपल्यावर मालकाने त्याला पूर्वीपेक्षा कमी नसलेल्या अटींवर परत घ्यायचे असते. कॅम्पचा आदेश आला म्हणून आधीच काढून टाकून ही जबाबदारी चुकवण्याचा उद्देश दिसला, तरी ती मालकावर राहतेच. मात्र सेवा संपल्यापासून दोन महिन्यांच्या आत कामावर परत घेण्यासाठी अर्ज केला नाही, तर त्या मुद्द्यावर मालकाला बचाव मिळतो. म्हणून खासगी कंपनीतल्या जवानाने परतल्या आठवड्यातच, कॅम्पचा आदेश आणि हजेरीचे प्रमाणपत्र जोडून, पुन्हा रुजू करून घेण्याचा लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोचही घ्यावी.